परिचारिकेचे राजीनामापत्र : जिव्हाळा आणि मुदत

विद्यार्थिमित्रहो, मागील घटकात आपण अर्ज आणि विनंतीपत्र यांचा परिचय करून घेतला. राजीनामापत्र वरकरणी त्यांच्यासारखेच दिसते. पण अर्जात आपण काही मागतो, तर राजीनाम्यात एक निर्णय कळवतो. ‘राजीनामा’ हा शब्द फारसीच्या वाटेने आपल्याकडे आला. त्याचा मूळ अर्थ संमतीचा लेख असा असून उर्दू-हिंदीत तो आजही तडजोडीच्या लेखासाठी वापरला जातो. मराठीत मात्र तो पद सोडण्याच्या पत्रासाठी रूढ झाला.

आता पुढील प्रसंग विचारात घ्या. दौलताबाद येथील एका खाजगी रुग्णालयात बी.एस्सी. नर्सिंग झालेली एक परिचारिका दोन वर्षे काम करीत आहे. तिला एम.एस्सी. नर्सिंगसाठी प्रवेश मिळाला असून १५ सप्टेंबर २०२५ रोजी महाविद्यालयात हजर व्हायचे आहे. तिच्या नियुक्तिपत्रात अट आहे : ‘सेवा सोडताना एक महिन्याची लेखी पूर्वसूचना द्यावी, अन्यथा त्या कालावधीचे वेतन भरावे.’ अधिसेविकांशी (बोलण्यात आपण ज्यांना मेट्रन म्हणतो) तिचे मायेचे संबंध आहेत. तिच्या पत्राचा पहिला मसुदा असा होता :

‘आपल्या रुग्णालयाने मला खूप काही दिले. उच्च शिक्षणासाठी मी राजीनामा देऊ इच्छिते. आपल्या सोयीने, शक्य तितक्या लवकर मला कार्यमुक्त करावे, ही नम्र विनंती.’

भाषा सौजन्याची आहे, तरी हे पत्र तिला अडचणीत आणू शकते. ‘देऊ इच्छिते’ या क्रियापदातून केवळ इच्छा व्यक्त होते. राजीनामा दिला, असे त्यातून ठरत नाही. ‘आपल्या सोयीने’ म्हटल्यावर तारीख ठरवण्याचा अधिकार समोरच्याकडे जातो, आणि ‘शक्य तितक्या लवकर’ म्हटल्याने मुदत पूर्ण न करताच जाण्याची घाई दिसते. एकाच वाक्यातील दोन शब्दप्रयोग परस्परांना छेद देतात. मराठीत वडीलधाऱ्यांशी बोलताना आपण स्वतःची तारीख सहसा ठामपणे सांगत नाही; संकोच वाटतो. बोलण्यात तो शोभतो, पत्रात मात्र वाद निर्माण करतो. म्हणून जिव्हाळ्याची वाक्ये आणि मुदतीची वाक्ये वेगवेगळ्या परिच्छेदांत ठेवावीत.

मुदत मोजणे हा यातील सर्वांत दुर्लक्षित भाग आहे. आपल्या परिचारिकेने शनिवारी, ९ ऑगस्टला पत्र लिहिले आणि तेव्हापासून महिना मोजून ८ सप्टेंबर ही तारीख काढली. परंतु रविवारी कार्यालय बंद होते. पत्र सोमवारी, ११ ऑगस्टला आवक नोंदवहीत चढले. पूर्वसूचना पत्र पोहोचल्यावर सुरू होते, लिहिल्यावर नव्हे. सर्वसाधारण रीतीनुसार पोहोचल्याचा दिवस वगळून १२ ऑगस्टपासून मोजले, तर एक महिना ११ सप्टेंबरला पूर्ण होतो. अटीत ‘तीस दिवस’ असे शब्द असते, तर तिसावा दिवस १० सप्टेंबर आला असता, कारण ऑगस्ट एकतीस दिवसांचा असतो. एका दिवसाचा फरक क्षुल्लक वाटेल; पण मुदत अपुरी ठरल्यास तेवढ्या दिवसांच्या वेतनाची मागणी होऊ शकते. आपल्या पत्राच्या प्रतीवर तारखेसह पोच घ्यावी, ती याचसाठी.

परिचारिकेच्या बाबतीत आणखी एक बारकावा आहे. ११ सप्टेंबरची रात्रपाळी १२ तारखेच्या सकाळी संपते. तेव्हा अखेरच्या दिवसाबरोबर अखेरची पाळीही लिहिणे इष्ट. पाळ्यांचे वेळापत्रक लावणाऱ्या अधिसेविकेला ‘कोणती पाळी’ हेच आधी हवे असते.

सुधारलेले पत्र आता वाचा.

दौलताबाद
दि. ११ ऑगस्ट २०२५

प्रति,
माननीय अधिसेविका,
अ. ब. क. रुग्णालय, दौलताबाद

विषय : परिचारिका पदाचा राजीनामा (कामाचा अखेरचा दिवस ११ सप्टेंबर २०२५)

महोदया,

एम.एस्सी. नर्सिंग या दोन वर्षांच्या अभ्यासक्रमासाठी माझी निवड झाली आहे. त्यासाठी मी परिचारिका पदाचा राजीनामा देत आहे.

नियुक्तिपत्रातील अटीनुसार हे पत्र एक महिन्याची पूर्वसूचना समजावे. गुरुवार, दि. ११ सप्टेंबर २०२५ रोजीची दुपारपाळी ही माझी अखेरची पाळी असेल. तोपर्यंत नेहमीप्रमाणे सर्व पाळ्या करीन. माझ्या जागी येणाऱ्या परिचारिकेला शेवटच्या आठवड्यात प्रसूतिकक्षातील साहित्य, औषधसाठ्याची नोंदवही आणि तातडीच्या औषधांची पेटी समक्ष दाखवून देईन.

प्रसूतिकक्षातील माझ्या पहिल्या रात्रपाळीत आपण घरी न जाता पहाटेपर्यंत माझ्याजवळ थांबलात. घाबरलेल्या बाईशी आधी बोलावे, मग तिला हात लावावा, हे मी त्या रात्री आपल्याकडे पाहून शिकले. पुढे शिकायला जाताना ते माझ्यासोबत असेल.

११ सप्टेंबर रोजी कार्यमुक्ती पत्र, तसेच रुजू झाल्याची व सेवा संपल्याची तारीख असलेले अनुभव प्रमाणपत्र मिळावे, ही विनंती.

आपली विश्वासू,
(स्वाक्षरी)

पत्रातील ‘देत आहे’, ‘समजावे’, ‘असेल’ ही क्रियापदे पाहा. ती ठाम आहेत, पण उद्धट नाहीत. तारीख विषयातही आली आहे, कारण कार्यालयात अनेकदा फक्त विषय वाचून पत्र पुढे पाठवले जाते. जिव्हाळ्याचा परिच्छेद एकाच रात्रीवर उभा आहे. ‘खूप काही दिले’ हे वाक्य कोणत्याही नोकरीला लावता येते. ती रात्र दुसऱ्या कोणाच्या पत्रात येणार नाही. ‘विनंती’ हा शब्द सुधारलेल्या पत्रात एकदाच आहे, आणि तोही जिथे खरोखर काही मागायचे आहे तिथे. अनुभव प्रमाणपत्राची मागणी औपचारिक समजू नये : भारतीय परिचर्या परिषदेच्या निकषांनुसार एम.एस्सी. नर्सिंगच्या प्रवेशासाठी किमान एक वर्षाचा अनुभव लागतो आणि तो तारखांवरूनच मोजला जातो.

हे सर्व खाजगी सेवेपुरते झाले. तुमच्यापैकी कोणी राज्य शासनाच्या सेवेत कायम अधिपरिचारिका असतील, तर त्यांनी हा नमुना उतरवून घेण्यापूर्वी थांबावे. शासकीय सेवेत राजीनामा सक्षम अधिकाऱ्याने स्वीकारल्यावरच अमलात येतो. महाराष्ट्र नागरी सेवा (निवृत्तिवेतन) नियम, १९८२ नुसार राजीनाम्याने सर्वसाधारणपणे आधीची सेवा गमावली जाते, तर १९८१ च्या रजा नियमांत अध्ययन रजेची तरतूद आहे. त्यामुळे शिक्षण हे कारण असेल, तेव्हा आधी रजेचा अर्ज करता येतो का, हे आस्थापना शाखेत विचारून घ्यावे. अशा वेळी लिहायचे पत्र राजीनाम्याचे नसून मागील घटकातील विनंती अर्जाचे असते.

सरावासाठी : वरील परिचारिकेच्या नियुक्तिपत्रात दोन महिन्यांची पूर्वसूचना आहे, परंतु महाविद्यालयात हजर होण्याची तारीख तीच आहे, असे समजा. उरलेल्या दिवसांचे वेतन भरण्याची तयारी दाखवणारा मुदतीचा परिच्छेद चार ते पाच वाक्यांत लिहा. पोच मिळाल्याची तारीख ११ ऑगस्ट धरा, आणि जिव्हाळ्याच्या परिच्छेदाला हात लावू नका.