उधारीची मर्यादा वाढवून मागताना

मर्यादा वेगळी, मुदत वेगळी. मर्यादा म्हणजे एका वेळी बाकी राहू शकणारी कमाल रक्कम. मुदत म्हणजे बिल फेडण्याचे दिवस.

हिशेब. खामगावातले एखादे कृषी सेवा केंद्र धरू. महिन्याची खरेदी २ लाख, मुदत ४५ दिवस, तर ३ लाखांची मर्यादा पुरते. खरेदी ३ लाखांवर गेली की ४.५ लाख लागतात.

वाढ. जूनची तुलना गेल्या जूनशीच करावी. मार्चशी केली तर खरिपाची गर्दीच वाढ म्हणून दिसते. भाव चढले असतील, तर रुपयांऐवजी पोती मोजावीत.

पुरावा. बारा महिन्यांचा खातेउतारा. प्रत्येक बिलासमोर देय तारीख आणि रक्कम जमा झाल्याची तारीख. परत गेलेला चेक पुरवठादाराच्या वहीत असतोच, तो वगळून उपयोग नाही.

कायदा. पुरवठादार नोंदणीकृत सूक्ष्म वा लघु उत्पादक असेल, तर २००६ च्या कायद्याने लेखी करारातही मुदत ४५ दिवसांपलीकडे जात नाही.