उजनी उणे वीस टक्के, म्हणजे नेमके किती पाणी?

उन्हाळा तापू लागला की सोलापूर जिल्ह्यात एक बातमी हमखास येते : ‘उजनी धरण उणे २० टक्क्यांवर.’ वाचणाऱ्याला वाटते, धरणात थेंबही उरला नाही. प्रत्यक्षात त्या दिवशी उजनीत सुमारे ५३ टीएमसी पाणी असते. पुण्याला पाणी देणारी खडकवासला साखळीतली चारही धरणे काठोकाठ भरली, तरी त्यांचा उपयुक्त साठा २९ टीएमसीच्या आसपास भरतो.

हा गोंधळ धरणसाठ्याच्या रोजच्या तक्त्यातल्या दोन रकान्यांमुळे होतो. उजनीची पूर्ण पातळीपर्यंतची क्षमता सुमारे ११७ टीएमसी. त्यातला ६३.६६ टीएमसी मृतसाठा आणि ५३.५७ टीएमसी उपयुक्त साठा. वृत्तपत्रात येणारी टक्केवारी फक्त उपयुक्त साठ्याची असते. पातळी मृतसाठ्याच्या रेषेखाली गेली, की हाच आकडा शून्याखाली उतरतो. उणे २० टक्के म्हणजे ५३.५७ चे २० टक्के, अर्थात १०.७१ टीएमसी मृतसाठ्यातून गेले. ६३.६६ मधून ते वजा केले की ५२.९५ उरतात. याच हिशेबाने पावसाळ्यात उजनी १११ टक्के दिसते : पूर्ण पातळीच्या वर आणखी सुमारे ६ टीएमसी साठवले जाते.

तक्त्यात खरोखर मोजलेली असते ती पाणीपातळी. धरणावरची मोजपट्टी समुद्रसपाटीपासूनचे मीटर सांगते. साठा, उपयुक्त साठा आणि टक्केवारी त्या पातळीवरून क्षमतातक्ता पाहून काढतात. क्षमतातक्ता जुना असेल आणि तळाशी गाळ साचलेला असेल, तर कागदावरचे पाणी प्रत्यक्षात कमी असते. मृतसाठ्यात हा फरक अधिक जाणवतो, कारण बराचसा गाळ तिथेच बसतो. म्हणून ‘५३ टीएमसी’ या आकड्यावरही डोळे मिटून विसंबू नये.

पाणी असूनही चिंता का, हे पुढच्या प्रश्नावर अवलंबून आहे : ते बाहेर कसे पडते? कालव्याचे पाणी उपयुक्त साठ्यातून निघते; मृतसाठ्यातून ते नेहमीसारखे सुटत नाही. सोलापूर शहरासाठी मात्र भीमा नदीत पाणी सोडले जाते आणि ते शंभराहून अधिक किलोमीटर वाहत औज-टाकळीच्या बंधाऱ्यांपर्यंत जाते. ६ हजार क्युसेकने दहा दिवस विसर्ग चालला, असे धरा. सहा हजार गुणिले एका दिवसाचे ८६,४०० सेकंद गुणिले दहा, म्हणजे ५.१८ टीएमसी. उणे २० टक्क्यांवरचे धरण या एका विसर्गाने जवळपास उणे ३० वर येते.

आता शहराची गरज पाहू. उजनी ते सोलापूर समांतर जलवाहिनीची क्षमता दिवसाला १७ कोटी लिटर आहे. या गतीने १ टीएमसी पाणी साडेपाच महिने पुरते. याउलट नदीत सोडलेल्या पाच टीएमसीपैकी बरेचसे वाळूत मुरते, उन्हात उडते आणि काठावरच्या मोटारी उपसतात. धरणावरही बाष्पीभवन थांबत नाही. पाण्याचा पसारा २०० चौरस किलोमीटर आणि रोजची घट ८ मिलिमीटर धरली, तर महिन्याला पावणेदोन टीएमसीच्या आसपास जातात. विसर्ग नसतानाही टक्केवारी तीनने उतरते ती त्यामुळे.

पाणी मागे सरकू लागले, की त्याची पहिली झळ इंदापूर, करमाळ्याच्या काठाला बसते. पळसदेवचे जुने मंदिर पाण्याबाहेर येते आणि शेतकऱ्यांना पाइप वाढवत मोटारी पुढे न्याव्या लागतात. तक्त्यात या खर्चाला रकाना नाही, पण बातमीत त्याला जागा हवी.

२०२३ च्या पावसाळ्यात उजनी पूर्ण भरले नाही. २०२४ च्या जानेवारीतच साठा शून्याखाली गेला आणि पाऊस सुरू होण्याच्या सुमारास तो उणे ६० च्या आसपास होता. मात्र त्याच वर्षी ऑगस्टमध्ये धरण भरले, कारण पुणे भागातल्या धरणांतून सोडलेले पाणी दौंडमार्गे उजनीत येते. तक्त्यातली ‘दौंड आवक’ याचसाठी पाहायची : उजनीवर पाऊस नसला, तरी वरच्या पाण्याची चाहूल तिथे लागते.

तेव्हा ‘उणे २०’ या बातमीला चार गोष्टी जोडाव्यात : एकूण किती टीएमसी, गेल्या वर्षी याच तारखेला किती, जूनअखेरपर्यंत नदीत किती विसर्ग ठरले आहेत आणि ते झाल्यावर पातळी कुठे येईल. मग बातमी अशी होते : ‘उजनीत ५३ टीएमसी पाणी, नदीत आणखी दोन विसर्ग झाल्यास, बाष्पीभवन सोडूनही, धरण उणे ४० कडे जाईल. सोलापूरच्या पिण्याच्या पाण्यापेक्षा कालव्याची शेती आणि काठचे उपसे आधी अडचणीत.’ वाचकाला त्यातून पेरणीचा, उसाचा किंवा घरातल्या साठवणुकीचा निर्णय घेता येतो.