काम नेमके कुठे अडले?

मिक्सर दुरुस्तीच्या दुकानात प्रत्येक यंत्राचे एक जॉबकार्ड असते. त्यावर ‘प्रलंबित’ असा शेरा असला, तर त्यातून काहीच कळत नाही. ग्राहकाने खर्चाला होकार दिलेला नाही, की मोटर यायची आहे, की कारागिराला सवड नाही? तिन्ही बाबतींत पुढचे पाऊल वेगळ्या माणसाने उचलायचे असते, म्हणून तिन्ही अवस्था वेगळ्या ठेवाव्या लागतात: ‘होकाराची वाट’, ‘सुट्या भागाची वाट’, ‘दुरुस्तीच्या रांगेत’. चेंडू कोणाच्या कोर्टात आहे, हे अवस्थेच्या नावावरूनच कळले पाहिजे.

‘तातडीचे’ ही मात्र अवस्था नव्हे. तातडीचा मिक्सरही होकाराची वाट पाहत असू शकतो. तीच अवस्था मानली तर एक कार्ड दोन ठिकाणी बसते. तातडीसाठी वेगळा रकाना हवा. वॉरंटीचेही तसेच.

मग येतात वाटा. ‘तपासणी’तून थेट ‘दुरुस्ती’कडे जाऊ दिले, की विचारल्याशिवाय बिल लावल्याची भांडणे सुरू होतात; वॉरंटीतील यंत्रापुरतीच ती वाट खुली ठेवावी. ‘तयार’ यंत्र चाचणीत बंद पडले तर ते ‘दुरुस्ती’कडे परत जाते. होकार नाकारला गेला, तर ‘दुरुस्तीविना परत’ हा शेवटही हवा, नाहीतर ती कार्डे ‘होकाराची वाट’मध्ये साचत राहतात. ‘परत दिले’ यातून मात्र मागे वाट नाही. तोच मिक्सर महिन्याने पुन्हा आला, तर नवे कार्ड काढून त्यावर जुन्याचा क्रमांक लिहितात.