तोतरेपणा आणि भाषणाची संहिता

तोतरेपणा असलेल्या वक्त्यास बहुधा वाक्याचा पहिलाच शब्द अडवतो. तेथे स्वर नव्याने सुरू करावा लागतो. आणि प, क, ट यांसारख्या वर्णांत रोखलेला श्वास एकदम सोडावयाचा असल्याने तो कित्येकांच्या कंठात अडकून बसतो. मात्र कोणता वर्ण नडतो हे व्यक्तिगणिक भिन्न असल्याने, संहिता लिहिणाऱ्याने प्रथम मसुदा वक्त्याकडून श्रोत्यासमोर वाचून घ्यावा. एकांतातले वाचन पुष्कळांचे अस्खलित होते व त्यामुळे खरी अडचण दडून राहते.

समजा, पुण्यातील बालगंधर्व रंगमंदिरात सूत्रसंचालन करणाऱ्यास 'प' नडतो आणि मसुद्यात 'प्रमुख पाहुण्यांचे पुणेकरांच्या वतीने स्वागत करतो' असे वाक्य आहे. मराठीत पदक्रम बराच लवचीक असल्याने 'आज आपल्या सभेस लाभलेल्या प्रमुख पाहुण्यांचे मी स्वागत करतो' असे म्हणता येते. येथे 'प' येईपर्यंत आवाज वाहता झालेला असतो. समासात 'या सभेच्या वतीने स्वागत करतो' हा दुसरा पर्यायही नोंदवावा, आणि ऐनवेळी निवड वक्त्याची असावी. तोतरेपणा असलेल्या सहाव्या जॉर्ज बादशहांच्या भाषणांतही त्यांचे वाचोपचारक लायोनेल लोग विरामाच्या खुणा करीत व अवघड शब्द बदलीत.

विशेषनामे व शपथेचा मजकूर मात्र बदलता येत नाही; तेथे अडखळण्यास अवकाश ठेवावा. प्रत्येक कठीण शब्द टाळण्याचा हट्ट धरल्यास त्या शब्दाची धास्ती वाढते, म्हणून वक्त्याच्या संमतीवाचून एकही शब्द गाळू नये.