नाव बदललं, मजकूर तोच

धनत्रयोदशीच्या दुपारपासून व्यावसायिकांच्या फोनवर शुभेच्छांचा पूर येतो. सोनेरी पणती, कोपऱ्यात कंपनीचा लोगो आणि खाली सुख-समृद्धी-भरभराटीचा ठरलेला मजकूर. व्हॉट्सॲप वर 'फॉरवर्डेड'चा शिक्काही मारतं. मजकूर पाचांहून जास्त हातांतून फिरून आलेला असेल तर दुहेरी बाण दिसतो. थोडक्यात, ही मिठाई आमच्या घरची नाही हे डब्यावरच लिहून येतं.

त्यावर बहुतेकांचा उपाय म्हणजे सुरुवातीला नाव घालणं. हे कामही यादीवर सोपवलं की फजिती होते. फोनमध्ये 'पाटील खोकीवाले कागल' असं साठवलेलं असतं आणि शुभेच्छा जातात 'प्रिय पाटील खोकीवाले कागल' यांना. नाव बरोबर पडलं तरी फारसं साधत नाही, कारण पुढचा मजकूर शंभर जणांना चालेल असाच असतो. परीक्षा सोपी आहे. नाव झाकून मजकूर वाचावा. तो दुसऱ्या ग्राहकालाही लागू पडत असेल, तर तो साचाच.

मग वेगळं काय लिहायचं? वर्षभरात दोघांत घडलेली एखादी खरी गोष्ट. समजा, पुठ्ठ्याची खोकी बनवणारा एक कारखानदार आहे आणि फरसाण तयार करणारे एक काका त्याचे ग्राहक. पावसाळ्यात दमट हवेने पुठ्ठा ओल धरतो आणि थप्पीतली खालची खोकी दबतात. तसं झालं, तेव्हा काकांनी माल परत न धाडता आधी फोन केला आणि तीन प्लायऐवजी पाच प्लायची खोकी घ्यायचं ठरलं. आता दिवाळीचा निरोप असा जाऊ शकतो:

'काका, नमस्कार. जुलैत खोकी मऊ पडली तेव्हा तुम्ही माल परत पाठवण्याआधी फोन केलात, म्हणून मार्ग निघाला. ते लक्षात आहे. गेले पंधरा दिवस भट्टी थंड झाली नसेल, आता जरा विसावा घ्या. तुम्हाला, काकूंना आणि कारखान्यातल्या सगळ्यांना पाडव्याच्या शुभेच्छा.'

यात अलंकार नाहीत, चित्र नाही, 'आमच्या सेवेचा लाभ घ्या' तर नाहीच. तरी हा निरोप दुसऱ्या कुणाला पाठवता येणार नाही. आणि तो पाडव्याला जातो, हेही मुद्दाम. फराळाच्या धंद्यातल्या माणसाला दिवाळीआधी मान वर करायला फुरसत नसते. उलट गिअर बनवणाऱ्या कारखान्यातले खरेदी अधिकारी लक्ष्मीपूजनापासून सुट्टीवर जातात. त्यांना वसुबारसेलाच लिहावं, तेही 'साहेब' म्हणून, घरच्यांची चौकशी न करता. त्यांच्याशी तेवढी सलगी नसेल तर ओढूनताणून आणू नये. खोटा जिव्हाळा साच्यापेक्षा जास्त खुपतो. गुजराती व्यापाऱ्याचं नवं वर्ष कार्तिक प्रतिपदेला, म्हणजे आपल्या पाडव्यालाच सुरू होतं. त्याला त्या सकाळी 'साल मुबारक' म्हटलं, तर आपल्याला त्याचा सण ठाऊक आहे हे वेगळं सांगावं लागत नाही.

एक जागा मात्र फार सांभाळावी लागते. ज्यांच्या घरी वर्षभरात कुणी गेलं असेल, तिथे सण साजरा होत नाही. एकगठ्ठा पाठवलेल्या निरोपाला हे कळत नाही. 'आनंदाची उधळण' थेट त्या घरात जाऊन पडते. अशी नावं यादीतून आधी काढावीत आणि जमल्यास फोन करावा. 'पहिली दिवाळी आहे, आठवण आली' एवढं पुरतं.

हे सारं दिवाळीच्या आदल्या रात्री सुचत नाही, शोधावं लागतं. वही, चलनं आणि जुन्या निरोपांचा धागा चाळला की आठवतं: कुणी तातडीची ऑर्डर दिली, कुणी पैसे वेळेआधी चुकते केले, कुणी नवं गिऱ्हाईक जोडून दिलं. शहाणी माणसं वर्षभर फोनमधल्या नावाशेजारी एक ओळ टिपून ठेवतात. आजारपण, घरातला वाद असल्या गोष्टी टिपल्या तरी शुभेच्छेत आणू नयेत.

दोनशे ग्राहकांना असं लिहिणं होणार नाही, आणि गरजही नाही. ज्यांच्याशी वर्षभर खरं बोलणं झालं अशा पंचवीस-तीस जणांना लिहावं. उरलेल्यांना साधा, लोगोविना दोन ओळींचा मजकूर पुरे. त्याला 'खास तुमच्यासाठी' म्हणू नये. तो ब्रॉडकास्टने पाठवणार असाल, तर ज्यांनी आपला नंबर साठवलेला नाही त्यांच्यापर्यंत तो पोचतच नाही, हे ध्यानात असू द्यावं.

उत्तर म्हणून समोरून पणतीचं चित्र आलं तर वाईट वाटून घेऊ नये. पण काकांनी 'पुढच्या पावसाळ्याचं आत्ताच ठरवू या' असं लिहिलं, तर लगेच दरपत्रक धाडायचा मोह आवरावा. 'नक्की, भाऊबीजेनंतर भेटतो' म्हणावं. थकलेल्या बिलाचा विषयही तेव्हाच काढावा.