अपघात झाला, आता पळायचं की थांबायचं?

आज आपण एका अवघड गोष्टीवर बोलणार आहोत. हल्ली आपल्या गटांतल्या पुष्कळ जणींच्या दारात गाडी आली आहे. कुणी बँकेचं कर्ज काढून मुलाला पिकअप घेऊन दिली, कुणाच्या नावावर ट्रॅक्टर आहे, कुणी स्वतःच स्कूटी चालवते. हप्ता किती, डिझेल किती, हे आपल्याला तोंडपाठ असतं. पण त्या गाडीचा अपघात झाला तर पहिल्या अर्ध्या तासात काय करायचं, हे घरात कुणीच कुणाला सांगितलेलं नसतं.

आमच्या गटातल्या एका ताईंच्या घरी हेच झालं. त्यांचा मुलगा पहाटे टोमॅटोचे क्रेट घेऊन बाजार समितीला निघाला होता. फाट्याजवळ शेताच्या कच्च्या रस्त्यावरून एक दूधवाले काका सायकलवरून एकदम डांबरीवर आले. सायकलला दिवा नव्हता. पोराने ब्रेक मारला, तरी धडक बसलीच. काका खाली पडले, कॅन उलटली. पोरगा घाबरला. आता लोक जमतील, मारतील, या भीतीने त्याने गाडी काढली, वस्तीवर नेऊन गोठ्याआड लावली आणि घरात येऊन बसला. काका जवळजवळ वीस मिनिटं तिथेच पडून होते. मग एसटीच्या चालकाने पाहिलं, 108 ला फोन केला. काका वाचले, पण मांडीचं हाड मोडलं.

दुपारी पोलीस घरी आले. ताई आमच्याकडे रडत आल्या, "त्याने मुद्दाम केलं नाही हो, सायकलच मध्ये आली!" त्यांचं म्हणणं खोटं नव्हतं. पण या प्रकरणात दोन वेगवेगळे प्रश्न आहेत. गाडी कशी चालवली, हा एक. आणि धडकेनंतर काय केलं, हा दुसरा. आपण दोन्ही एकत्र करतो, म्हणून गोंधळ होतो.

पहिला प्रश्न घेऊ. अपघाताच्या फिर्यादीत एक वाक्य नेहमी वाचायला मिळतं: 'रस्त्याच्या परिस्थितीकडे दुर्लक्ष करून, हयगयीने व अविचाराने वाहन चालवून.' यातले हयगय आणि अविचार हे दोन शब्द आपण एकाच अर्थाने वाचतो. कायद्यात ते वेगळे आहेत.

स्वयंपाकघरातलं उदाहरण घेऊ. तुम्ही उकळत्या तेलाची कढई जमिनीवर ठेवली आणि रांगतं बाळ तिकडे येईल, हे तुमच्या ध्यानातच आलं नाही. ही हयगय, म्हणजे निष्काळजीपणा. कुठलीही शहाणी बाई घेईल ती काळजी घ्यायची राहिली. पण बाळ शेजारीच बसलंय हे दिसत असून, "काही होत नाही" म्हणत कढई त्याच्या डोक्यावरून नेली, तर तो अविचार, म्हणजे बेदरकारपणा. धोका कळत होता, तरी पत्करला.

आता हेच रस्त्यावर आणा. उसाची ट्रॉली पंक्चर झाली आणि ती रात्री रस्त्यावरच उभी ठेवली. मागे रिफ्लेक्टर नाही, दिवा नाही, दगड-फांद्या लावून कुणाला सावध केलेलं नाही. मोटारसायकलवाला मागून येऊन धडकला. ट्रॉली चालतसुद्धा नव्हती, तरी ही हयगय आहे. दुसरीकडे घाटाच्या वळणावर समोरचं काही दिसत नसताना कुणी ओव्हरटेक केलं. त्याला धोका माहीत होता, तरी त्याने गाडी घातली. हा अविचार.

माणूस दगावला तर दोन्हीला कलम एकच लागतं. भारतीय न्याय संहितेचं कलम 106, पोटकलम 1. शिक्षा पाच वर्षांपर्यंत कैद आणि दंड. जुन्या कायद्यात हीच शिक्षा दोन वर्षांपर्यंत होती. 1 जुलै 2024 पासून नवा कायदा लागू झाला आणि ती वाढली. हा गुन्हा जामीनपात्र आहे. पण न्यायालय शिक्षा ठरवताना चूक नजरचुकीची होती की मस्तीची, हे बघतं.

आणि याच्याही पुढची एक पायरी आहे. मुंबईत कार्टर रोडला नोव्हेंबर 2006 मध्ये एका तरुणाने दारू पिऊन, पहाटे भरधाव गाडी फुटपाथवर झोपलेल्या मजुरांवर घातली. सात जण गेले. तिथे न्यायालयाने याला नुसता अपघात म्हटलं नाही, सदोष मनुष्यवध धरला, आणि 2012 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तीन वर्षांची शिक्षा कायम केली. अशा वागण्याने माणूस मरू शकतो हे चालकाला ठाऊक होतं, असं सिद्ध झालं की कलम बदलतं. मग दहा वर्षांपर्यंत शिक्षा होऊ शकते आणि जामीनही सहज मिळत नाही. म्हणून दारू प्यायलेल्या माणसाच्या हाती किल्ली देऊ नका, मग तो घरचा कर्ता का असेना.

याची दुसरी बाजूही आहे. धडक बसली म्हणजे गुन्हा सिद्ध झाला, असं नसतं. कर्नाटकातल्या एका ट्रकच्या खटल्यात 1998 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की, 'गाडी जोरात होती' एवढ्यावर हयगय किंवा अविचार ठरत नाही. जोरात म्हणजे किती, रस्ता कसा होता, हे पुराव्यानिशी दाखवावं लागतं. म्हणून पोलीस घटनास्थळाचा पंचनामा करतात. ब्रेकचे वण किती लांब आहेत, काचा कुठे पडल्या, वळण किती अंतरावर आहे, हे त्यात लिहितात. आरटीओचे मोटार वाहन निरीक्षक गाडी तपासून ब्रेक चालू होते की नाही याचा अहवाल देतात.

ताईंच्या मुलाच्या प्रकरणात पंचनाम्यात ब्रेकचे वण होते, तेही रस्त्याच्या डाव्या बाजूला. सायकल कच्च्या रस्त्याने आल्याची खूण होती. म्हणजे गाडी कशी चालवली, या प्रश्नावर त्याला बोलायला जागा होती.

पण दुसऱ्या प्रश्नावर त्याच्याकडे उत्तर नव्हतं. मोटार वाहन कायद्याचं कलम 134 सांगतं की अपघातानंतर जखमीला उपचार मिळवून देणं हे चालकाचं कर्तव्य आहे. चूक कुणाची, हे ते कलम विचारतच नाही. सायकलवाल्याची चूक असली तरी थांबायचं चालकानेच. ते मोडलं तर सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. त्यामुळे त्याच्यावर बेदरकार चालवण्याचं 281 आणि जबर दुखापतीचं 125 लागलंच (हाड मोडलं की कायद्याने ती जबर दुखापत), शिवाय पळून गेल्याचं वेगळं कलम लागलं. पळाला नसता, तर तेवढं तरी टळलं असतं. आणि काकांची वीस मिनिटं वाचली असती.

"पळाला तर दहा वर्षं" असंही तुम्ही ऐकलं असेल. नव्या संहितेत तसं पोटकलम लिहिलेलं आहे. अपघातात माणूस मरण पावला आणि चालक पोलिसांना न कळवता पळाला, तर ते लागायचं. त्याविरुद्ध जानेवारी 2024 मध्ये ट्रकचालकांनी संप केला होता. 1 जुलैला बाकीचा कायदा लागू झाला, तेव्हा हे पोटकलम वगळून ठेवलं गेलं. पण त्यावरून पळालं तर चालतं, असं समजू नका. कलम 134 पूर्वीही होतं आणि आजही आहे.

मग करायचं काय? गाडी थांबवायची, इंजिन बंद करायचं, धोक्याचे दिवे लावायचे. आधी 108, मग 112. रक्त वाहत असेल तर स्वच्छ फडक्याने दाबून धरायचं, पाणी पाजायचं नाही, मान-पाठीला लागलं असेल तर ओढाओढ करायची नाही. रुग्णवाहिकेला फार वेळ लागणार असेल तर मिळेल त्या वाहनाने जवळच्या दवाखान्यात न्यायचं. नेलं म्हणजे गुन्हा कबूल केला, असं अजिबात होत नाही. गाडी हलवावीच लागली तर आधी मोबाईलवर चारही बाजूंनी फोटो काढायचे, ब्रेकचे वण येतील असे.

जमाव मारायला उठला तर? कायद्याला ही भीती ठाऊक आहे. लोकांच्या रागामुळे जखमीला मदत करणं शक्य नसेल, तर त्या कलमात तशी सूट आहे. पण तिथून निघायचं ते थेट पोलीस ठाण्यात, घरी किंवा गोठ्यात नाही. पोलीस तिथे नसतील तर जवळच्या ठाण्यात शक्य तितक्या लवकर, आणि कसंही करून 24 तासांच्या आत कळवावं लागतं. वाटेतूनच 112 ला फोन लावला तर आपण कधी कळवलं याची नोंदही राहते.

ताईंच्या घरी आणखी एक चूक होता होता राहिली. मुलाचा परवाना संपला होता, म्हणून भावकीतले एक जण म्हणाले, "मी होतो गाडीवर असं सांगतो." असं कधीच करू नका. खोटा चालक उभा करणं हा स्वतंत्र गुन्हा आहे, आणि मोबाईलच्या नोंदीवरून, साक्षीदारांवरून तो उघडा पडतो. तसंच, "पैसे देऊन जागेवरच मिटवू" हाही भरवसा धरू नका. माणूस दगावला असेल तर तो खटला सरकार चालवतं, गावाच्या बैठकीत मिटत नाही.

आता गाडी जिच्या नावावर आहे, त्या बाईसाठी. फौजदारी खटला चालकावर होतो, पण भरपाईचा दावा मोटार अपघात न्यायाधिकरणात होतो. तिथे मालक म्हणून तुमचं नाव येतं. विमा चालू असेल तर विमा कंपनी भरते. परवाना नसलेल्याला गाडी दिली असेल, तर कंपनी आधी जखमीला देते आणि मग तुमच्याकडून वसूल करू शकते. अपघाताची खबर कंपनीलाही लेखी द्यावी लागते. त्यात पॉलिसी क्रमांक, दिवस, वेळ, ठिकाण, जखमींची माहिती, चालकाचं नाव आणि परवाना लिहायचा. अठरा वर्षांखालच्या मुलाने अपघात केला तर पालकाला किंवा मालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि 25 हजार रुपये दंड होऊ शकतो.

ताईंच्या मुलाचा खटला अजून तारखांवर आहे. त्या दिवसानंतर आम्ही गटाच्या बैठकीत एक ठराव केला. गटातून वाहनासाठी कर्ज घेणाऱ्या प्रत्येकीने परवाना आणि विम्याच्या तारखा गटाच्या वहीत लिहायच्या, आणि घरच्या चालकाला समोर बसवून विचारायचं, "धडक बसली तर तू काय करशील?" परवा एका बाईंच्या पोराने पटकन उत्तर दिलं, "तुला फोन करीन." बाई म्हणाल्या, "मला नंतर. आधी एकशे आठला."

पुढच्या आठवड्यात भेटू, मैत्रिणींनो. नमस्कार.