चोथ्यातली साखर आणि चौकशीचा खर्च

लेखमाला : कारखान्याचा खर्च-हिशेब, भाग ६

मागच्या भागात आपण प्रमाण खर्च आणि प्रत्यक्ष खर्च यांतली तफावत काढली. तफावत हाती आल्यावर खरा प्रश्न सुरू होतो : तिच्या मागे लागायचे की तिला जाऊ द्यायचे? नगर जिल्ह्यात, म्हणजे आताच्या अहिल्यानगरमध्ये, हा प्रश्न विचारायला साखर कारखान्यासारखी दुसरी जागा नाही. विठ्ठलराव विखे पाटलांनी लोणी परिसरातल्या शेतकऱ्यांना एकत्र करून उभारलेल्या प्रवरेच्या सहकारी कारखान्याने १९५०-५१ च्या हंगामात गाळप सुरू केले, आणि त्याच्या अध्यक्षपदी धनंजयराव गाडगीळ हे अर्थशास्त्रज्ञ होते. तेव्हापासून जिल्ह्यात कारखाने वाढत गेले. इथे प्रयोगशाळेत रोज बगॅसमधली पोल, म्हणजे रस काढून झाल्यावर चोथ्यात उरलेली साखर, मोजली जाते. हा आकडा रोज हलतो. त्याच्या प्रत्येक हालचालीत पैसा आहे, पण प्रत्येक हालचालीत दोष नाही.

आकड्यांसाठी एक नमुना कारखाना धरू. तो खरा नाही, पण जिल्ह्यात शोभेल असा आहे. रोजचे गाळप ५,००० टन, उसाच्या २९ टक्के बगॅस, म्हणजे रोज १,४५० टन. बगॅसमधली पोल ०.१ ने वाढली तर रोज १.४५ टन साखर चोथ्याबरोबर बॉयलरमध्ये जाते. ती रसात आली असती तरी सगळी पोत्यात पडली नसती. पुढच्या टप्प्यांतली गळती धरून ८५ टक्के हाती येते असे मानले तर १.२३ टन. केंद्राने फेब्रुवारी २०१९ मध्ये ठरवलेल्या किलोला ३१ रुपये या किमान विक्री दराने हे रोजचे सुमारे ३८ हजार रुपये झाले. आता शेजारी चुन्याचा खर्च ठेवू. रस शुद्ध करायला उसाच्या ०.१६ टक्के चुना, म्हणजे रोज आठ टन. किलोला दहा रुपये धरले तर रोजचे ८० हजार. चुना १५ टक्के जास्त लागला तर १२ हजारांची तफावत. बगॅसची पोल १.९० वरून २.०६ झाली तर वाढ साडेआठ टक्क्यांच्याही आत, पण नुकसान सुमारे ६१ हजारांचे. ‘दहा टक्क्यांवरची तफावत पाहायची’ हा अनेक कार्यालयांतला नियम इथे चुन्याच्या मागे धावतो आणि साखर सोडून देतो. रुपयांचा एकच ठोक आकडा ठेवला तरी अडचण उरतेच. पन्नास हजारांची तफावत एखाद्या बाबतीत रोजच्या चढउतारातली असेल, दुसऱ्या बाबतीत कधीच न दिसलेली असेल. टक्का आणि रुपया दोघेही एक गोष्ट सांगत नाहीत : हा आकडा एरवी किती हलतो?

ते सांगण्याची रीत वॉल्टर श्युहार्ट यांनी १९२४ मध्ये अमेरिकेत मांडली. पी. सी. महालनोबिस यांच्या पुढाकाराने १९४७-४८ मध्ये ते भारतातही येऊन गेले. रीत साधी आहे. गिरणी ठीक चालू असतानाच्या महिनाभराच्या नोंदी घ्यायच्या. लागोपाठच्या दोन दिवसांतला फरक काढायचा, चढ असो वा उतार, आणि अशा फरकांची सरासरी १.१२८ ने भागायची. जो आकडा येतो ते रोजच्या चढउताराचे माप, म्हणजे प्रमाण विचलन. आपल्या कारखान्यात पोलची सरासरी १.९० आणि हे माप ०.०८ आहे असे धरू. सरासरीच्या वर-खाली तीन मापे घेतली की वरची मर्यादा २.१४ आणि खालची १.६६. गिरणी ठीक असताना नुसत्या योगायोगाने वरची मर्यादा ओलांडली जाण्याची शक्यता सातशे दिवसांत एकदा इतकी कमी. दोनच मापांची, २.०६ ची, मर्यादा ठेवली तर १२० दिवसांच्या हंगामात सुमारे तीन खोट्या हाका येतील.

इथे एक चूक हमखास होते. संचालक मंडळाने पोलचे प्रमाण १.८० ठरवलेले असते, आणि मर्यादा त्या १.८० भोवती आखल्या जातात. गिरणी प्रत्यक्षात १.९० वर स्थिर असेल तर असा तक्ता जवळजवळ कायम वरच्या बाजूला बिंदू दाखवतो, आणि थोड्याच दिवसांत त्याकडे कोणी बघेनासे होते. १.८० आणि १.९० मधले अंतर खरे आहे. रोज ३८ हजारांचे आहे. पण ते आजच्या पाळीत काही बिघडले म्हणून आलेले नाही. ते रोलरच्या वयातून, उसाची मोळी बारीक करणाऱ्या यंत्राच्या ताकदीतून, चोथ्यावर सोडलेल्या गरम पाण्याच्या प्रमाणातून आलेले आहे. त्याचे उत्तर हंगामानंतरच्या दुरुस्तीत आणि भांडवली खर्चात सापडेल, रात्रपाळीच्या इंजिनिअरला जाब विचारून नाही. नियंत्रण-मर्यादा फक्त इतकेच सांगतात की गिरणी काल होती तशीच आज आहे का. ती चांगली आहे का, हा प्रश्न वेगळा आणि तो मंडळापुढे वेगळाच मांडावा.

मर्यादा हाती आल्या तरी तीन मापे घ्यायची की दोन, हे संख्याशास्त्र एकटे सांगू शकत नाही. तिथे चौकशीचा खर्च येतो. हॅरॉल्ड बिअरमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६१ मध्ये हिशेबशास्त्रात हा विचार मांडला : दोष असण्याची शक्यता गुणिले दोष चालू राहिल्यास होणारे नुकसान, हे चौकशीच्या खर्चापेक्षा जास्त असेल तरच चौकशी करावी. आपल्या गिरणीत चौकशी म्हणजे गाळप थांबवून गिरणी उघडणे, रोलरमधले अंतर मोजणे, रस वाहून जायच्या वाटा तुंबल्यात का ते बघणे. तीन तास थांबले तर सुमारे ६२५ टन ऊस गव्हाणीत आणि गाड्यांवर वाळत राहतो, वाफ वाया जाते, कामगार बसून राहतात. याचा खर्च अडीच लाख धरू. दोष असेल तर पोल सरासरी २.१० वर जाते, म्हणजे रोज ७६ हजारांचे नुकसान. साफसफाईसाठी गिरणी तशीही दहा दिवसांनी थांबणार आहे, आणि दुरुस्ती तेव्हा करावी लागणारच, म्हणून तिचा खर्च दोन्ही बाजूंना सारखा. दहा दिवसांचे नुकसान ७.६ लाख. अडीच लाखांना त्याने भागले की ३३ टक्के. दोषाची शक्यता याहून जास्त असेल तर थांबायचे.

आता एके सकाळी पोल २.०६ आली. जुन्या नोंदींवरून एखाद्या दिवशी गिरणीत असा दोष असण्याची शक्यता वीसात एक आहे असे धरू. ठीक गिरणीत २.०६ हा आकडा दोन मापे दूरचा आहे, बिघडलेल्या गिरणीत अर्धेच माप दूरचा. प्रसामान्य वक्राने हिशेब केला तर बिघडलेल्या गिरणीतून हा आकडा येणे साडेसहा पट संभाव्य ठरते. १ ला १९ हे जुने प्रमाण साडेसहाने गुणले की दोषाची शक्यता सुमारे २५ टक्के. ती ३३ च्या खाली आहे, म्हणून आज थांबायचे नाही. दुसऱ्या दिवशी पुन्हा २.०६ आली तर शक्यता ६९ टक्क्यांवर जाते. नऊ दिवसांचे नुकसान ६.८ लाख म्हणजे उंबरठा सुमारे ३७ टक्के, आणि आता थांबणेच शहाणपणाचे. गंमत अशी की हेच दोन आकडे साफसफाईला तीनच दिवस उरले असताना आले, तर दोष शंभर टक्के आहे हे कळूनही थांबू नये : उरलेले नुकसान २.२८ लाख, थांबण्याचा खर्च अडीच लाख. तक्त्यावरचा तोच बिंदू, निर्णय मात्र उलटा. म्हणूनच सगळ्या खात्यांना आणि सगळ्या तारखांना एकच मर्यादा लावणे मला चूक वाटते.

यावर पहिला आक्षेप सभासदांच्या बाजूने येतो. पैसा ऊस-उत्पादकाचा आहे, वार्षिक सभेत प्रत्येक तफावतीचा जाब मागितला जातो, मग ‘शक्यता कमी’ म्हणून सोडून कसे द्यायचे? पण थांबलेल्या गिरणीचे अडीच लाखही त्याच सभासदाचे. शिवाय दर खोट्या हाकेला रोलरची मांडणी हलवली तर ठीक असलेली गिरणी बिघडते आणि पुढचा चढउतार आपणच निर्माण करतो. सोडून देणे आणि न बघणे यांत फरक आहेच. चौकशीचे दोन टप्पे करता येतात. नमुना पुन्हा तपासणे, तो वाहकाच्या एकाच कडेने घेतला का हे विचारणे, गरम पाण्याचा प्रवाह आणि तापमान वाचणे, यांना हजार-दोन हजारांपलीकडे काही लागत नाही. तोच हिशेब केला तर या टप्प्याचा उंबरठा एका टक्क्याच्याही खाली येतो. म्हणून २.०६ ला स्वस्त तपासणी नेहमी करावी. महागडी तपासणी त्यानंतर, उरलेल्या शक्यतेवर.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे : पोल वाढली ती गिरणीमुळे की उसामुळे? थंडी पडली की डिसेंबरपासून उसातली साखर वाढते आणि गिरणी तीच असली तरी चोथ्यातली पोलही थोडी चढते. उसातले तंतू वाढले तर बगॅसच जास्त निघते. नोव्हेंबरच्या नोंदींवर आखलेली मर्यादा जानेवारीत खोट्या हाका देणार. यावर केमिस्टांकडे जुना उपाय आहे. उसातल्या साखरेपैकी किती रसात आली याचे प्रमाण १२.५ टक्के तंतूंच्या उसावर बेतून काढतात, म्हणजे वेगवेगळ्या महिन्यांतला ऊस एका पातळीवर येतो. तक्ता त्या आकड्याचा ठेवावा आणि रुपये मात्र चोथ्यातल्या पोलवरून मोजावेत. हे केले नाही तर वरचा सगळा हिशेब हवामानाची चौकशी करत बसेल.

तिसरी शंका मला स्वतःला पटते. रोलर हळूहळू झिजतात, पोल १.९० वरून १.९४, १.९६ अशी सरकते आणि मर्यादेला कधी शिवत नाही. एकेका दिवसाची मर्यादा इथे आंधळी आहे. उपाय म्हणून लागोपाठ सात-आठ दिवस सगळे बिंदू सरासरीच्या वर राहिले तर तीही हाक मानावी, किंवा सरासरीपासूनच्या रोजच्या फरकाची बेरीज पुढे नेत तिचा आलेख काढावा. ही दुसरी रीत ई. एस. पेज यांनी १९५४ मध्ये दिली आणि हळू सरकणे ती लवकर पकडते. खाली जाणारे आकडेही सोडू नयेत. पोल अचानक १.६४ आली तर आनंदाआधी नमुना बघावा, आणि तो खरा निघाला तर त्या पाळीत पाणी किती सोडले होते, ऊस कसा भरवला होता, हे लिहून ठेवावे.

उरला तो वीसात एकचा आकडा. तो आकाशातून आणायचा नाही. गिरणी थांबल्याची वही प्रत्येक कारखान्यात असते : थांबली केव्हा, किती वेळ, कशामुळे. तिच्यात आणखी एक रकाना हवा, गिरणी उघडल्यावर काय सापडले याचा. ‘काही नाही’ हेही त्यात लिहायला हवे, आणि लिहिणाऱ्याला त्याबद्दल बोलणी बसता कामा नयेत, नाहीतर रकान्यात प्रत्येक वेळी काहीतरी सापडू लागेल. दोन हंगामांच्या अशा नोंदींवरून वीसात एक ऐवजी बारात एक किंवा चाळीसात एक निघाले, तर ३३ चा उंबरठा तोच राहील, पण २.०६ ने होणारी २५ टक्के शक्यता बदलेल. बारात एक असेल तर तोच आकडा पहिल्याच दिवशी ३७ टक्क्यांवर नेऊन ठेवतो, आणि गिरणी त्याच सकाळी थांबवावी लागते.